सांबार मागितला, मसाला आला

अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत वाण्याच्या दुकानात उभे राहून कुणी "अर्धा किलो बरबटी द्या" म्हटले, तर वाणी काही विचारीत बसत नाही. चवळीच्या पोत्यात त्याचे माप आपोआप जाते. मूळची पुण्याची सूनबाई आली आणि तिने "चवळी" म्हटले, तरी माप त्याच पोत्यात जाते. एका वस्तूला दोन नावे आहेत हे वाण्याला कुणी शिकवावे लागत नाही. तो या दोन्ही नावांत वाढलेला असतो.

आता तेच दुकान पडद्यावर आले आहे. वर एक लांबट चौकट असते. तिच्यात शब्द लिहायचा आणि त्या शब्दाचा माल खाली यायचा. चौकटीमागचे यंत्र मोठे कष्टाळू, पण बुद्धीने अगदी बेतास बात. दुकानदाराने वस्तूला जे नाव लिहिले असेल त्याची अक्षरे आणि आपण लिहिलेली अक्षरे ते जुळवून पाहते. नावात "चवळी" असेल आणि आपण "बरबटी" लिहिले, तर उत्तर ठरलेले: "काही आढळले नाही." गिऱ्हाइकाला वाटते, यांच्याकडे चवळी नाही. दुकानदाराला वाटते, वऱ्हाडात चवळीला उठाव नाही. माल मात्र गोदामात पडून असतो.

यावर उपाय आहे, पण त्याआधी एक बारीक दुखणे दूर करावे लागते. ते लिपीचे आहे. "वऱ्हाडी ठेचा" असे नाव दुकानदाराने लिहिले. यातला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो: एका तऱ्हेत "ऱ" हे निराळेच अक्षर वापरलेले असते, तर दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. तिसरा कुणी घाईत "वर्हाडी" असे रफार देऊन लिहितो, तो आणखी वेगळा. म्हणून जुळवणीपूर्वी दोन्ही बाजूंची, म्हणजे दुकानदाराने लिहिलेल्या नावाची आणि आपल्या शब्दाचीही, एकसारखी झाडलोट करतात. "ऱ"चा साधा र करायचा, अदृश्य चिन्ह काढून टाकायचे, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करायचे. मग तिन्ही वऱ्हाडी एक होतात, आणि तूर व तुर, मीठ व मिठ यांचेही भांडण मिटते. शुद्धलेखनाचे अभिमानी नाराज होतील. पण ही झाडलोट यंत्राच्या पोटात होते, दुकानाच्या पाटीवर नव्हे.

झाडलोट संपली की खरे काम सुरू होते: पर्यायी नावांची यादी. डग कटिंग यांनी १९९९ साली लिहिलेल्या ल्युसीन या शोधयंत्रावर आज कितीतरी दुकानांचा शोध उभा आहे. त्याच्या एका प्रचलित पद्धतीत ही यादी अशी लिहितात:

```
बरबटी, चवळी
आलू => बटाटा, आलू
सांबार मसाला => सांबार मसाला
सांबार => कोथिंबीर, सांबार
```

पहिली ओळ दुहेरी आहे. कोणताही शब्द लिहा, दोन्ही नावांचा माल येईल. बरबटी आणि चवळी यांत काही फरक नाही, तेव्हा येथे दुहेरी नाते शोभते. सगळ्या ओळी अशाच लिहाव्यात असा मोह पुष्कळांना होतो. तो किती महागात पडतो हे सांबारावरून कळते.

वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. वरणावर पेरायची ती, वडीत घालायची ती. पण त्याच दुकानात दाक्षिणात्य सांबाराच्या मसाल्याची पाकिटेही असतात. ओळ नसेल, तर जुडी हवी असलेल्या अमरावतीच्या गृहिणीपुढे नुसती मसाल्याची पाकिटे येतात. म्हणून समजा, कुणी "सांबार, कोथिंबीर" अशी दुहेरी ओळ लिहिली. तिला जुडी मिळाली खरी, पण आता कोथिंबीर शोधणाऱ्या प्रत्येकाला जुडीबरोबर मसाल्याचीही पाकिटे दिसू लागली! बाण हवा तो यासाठी. बाणामुळे नाते एकाच दिशेने वाहते: सांबार लिहिणाऱ्याला दोन्ही दिसते, कोथिंबीर लिहिणाऱ्याला फक्त कोथिंबीर. आणि ज्याने पुरते "सांबार मसाला" लिहिले आहे त्याचा हेतू स्पष्टच आहे. त्याच्यापुढे कोथिंबीर आणू नये म्हणून तिसरी ओळ. दोन ओळी लागू पडत असतील तर यंत्र लांबीची ओळ आधी धरते.

काही शब्दांपुढे मात्र बाणही हात टेकतो. कोहळे घ्या. आमच्याकडे कोहळे म्हणजे लाल भोपळा, ज्याची गोड बोंडे करतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाचा कोहळा पांढरट, पेठ्याचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर. अशा वेळी दोन्ही फळे चित्रासह दाखवावीत, आणि माल अकोल्याला पोचवायचा असेल तर लाल भोपळा वर ठेवावा, हेच शहाणपणाचे. एकाचा शब्द खरा ठरवून दुसऱ्याला दुरुस्त करू पाहणारे दुकान एक गिऱ्हाईक गमावते.

हे शब्द सापडायचे कुठे? शब्दकोशात बसून नव्हे. यंत्र प्रत्येक शोधाची नोंद ठेवते. त्यांतले रिकाम्या हाती परतलेले शोध आठवड्याला एकदा काढून, जास्त वेळा आलेले आधी वाचायचे. बरबटी तेथे चटकन सापडते. पण या वहीवर विसंबून राहणारा फसतो, कारण चुकीचे उत्तर मिळालेला शोध तीत येतच नाही. "आलू" लिहिले आणि दुकान शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवीत असेल, तर आलूबुखाऱ्याची पाकिटे हजर होतात. वही म्हणते, उत्तर दिले. बटाटे हवे असलेला मात्र हात हलवीत गेला. म्हणून दुसरी वही पाहावी: उत्तर आले, पण कुणी कशावरही बोट ठेवले नाही, किंवा लगेच दुसरा शब्द लिहून पाहिला, असे शोध कोणते? "आलू" आणि लगोलग "बटाटा" अशी जोडी वारंवार दिसली की गिऱ्हाइकाने आपल्या हाताने यादीची ओळ लिहून दिली म्हणायची.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. लिहिताना झालेली चूक सांभाळून घेण्याची सोय या यंत्रांत असते. इलॅस्टिकसर्च या प्रसिद्ध यंत्राची आपोआप चालणारी रीत अशी, की तीन ते पाच अक्षरांच्या शब्दात एका अक्षराची चूक माफ. इंग्रजीत ही रीत बरी चालते. परंतु देवनागरीत ते मात्राही वेगळी मोजते. त-ऊकार-र, झाली तीन! मग तूर आणि तूप यांत एकाच अक्षराचा फरक, तसाच मीठ आणि पीठ यांत. तुरीची डाळ मागावी आणि खाली तुपाचे डबे ओळीने उभे राहावेत, तूर संपलेली असेल तर नुसते तूपच यावे, हा प्रकार त्यातूनच होतो. आखूड शब्दांना ही माफी बंद ठेवावी आणि सहा-सात चिन्हांच्या पुढेच ती द्यावी. "कोथींबिर" लिहिणारा तर झाडलोटीतच पार पडतो. माफी खरोखर लागते ती "कोथंबीर" लिहिणाऱ्याला, आणि ती त्याला खुशाल मिळावी.