‘उचित कार्यवाहीसाठी’ लिहून आलं म्हणजे काम झालं का? सरकारी पत्राची भाषा अशी वाचा

जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला की काही दिवसांनी घरी एका पत्राची प्रत येते. त्यावर ‘उचित कार्यवाहीसाठी’ असं दिसलं की बऱ्याच जणांना वाटतं, साहेबांनी आदेश दिला, आता काम होणार. मग तीन-चार महिने वाट बघण्यात जातात. प्रत्यक्षात त्या पत्रात काम करण्याचा आदेश नसतोच. अर्ज कुणाकडे गेला आणि आता उत्तर कुणी द्यायचं, एवढंच त्यात सांगितलेलं असतं.

सरकारी पत्रातले हे शब्द ठरलेले आहेत. राज्याचं भाषा संचालनालय 1960 साली स्थापन झालं. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश, प्रशासन वाक्प्रयोग अशी पुस्तकं त्यांनी तयार केली. इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत आणताना कोणत्या इंग्रजी शब्दाला कोणता मराठी शब्द वापरायचा, हे त्यातून ठरलं. म्हणून पत्र कोड्यात टाकणारं वाटलं, तर त्यामागचा इंग्रजी शब्द बघितला की अर्थ पटकन लागतो. बँक, रेल्वे, विमा कंपनी यांची इंग्रजी पत्रं वाचतानाही हेच शब्द उपयोगी पडतात.

एक पत्र घेऊन बघू

समजा, एका शेतकऱ्याचा वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याने चारी खोदून बंद केला. शेतकऱ्याने थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्या कार्यालयाने तहसीलदारांना असं पत्र लिहिलं:

“उपरोक्त विषयाबाबत अर्जदार यांचा संदर्भाधीन अर्ज यासोबत जोडून पाठविण्यात येत आहे. सदर प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल या कार्यालयास सादर करावा. प्रत: अर्जदार यांना माहितीसाठी.”

‘संदर्भाधीन अर्ज’ म्हणजे पत्राच्या वर ‘संदर्भ’ म्हणून ज्याची तारीख दिली आहे तो अर्ज. इंग्रजीत ‘अंडर रेफरन्स’. ती तारीख आपल्याच अर्जाची आहे का, हे आधी तपासा. एका माणसाचे दोन-तीन अर्ज असले की भलताच अर्ज पुढे गेलेला असू शकतो.

‘उचित कार्यवाही’ म्हणजे ‘अप्रोप्रिएट अ‍ॅक्शन’. काय उचित ते तहसीलदारांनी ठरवायचं आहे. रस्ता मोकळा करा, असं जिल्हाधिकाऱ्यांनी म्हटलेलं नाही. चौकशी करून अर्ज फेटाळला, तरी ती कार्यवाहीच झाली.

‘नियमानुसार’, इंग्रजीत ‘अ‍ॅज पर रूल्स’, हा शब्द छोटा आहे पण त्यात बरंच दडलेलं असतं. कोणता नियम, ते पत्रात सहसा लिहिलेलं नसतं. चालू वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 लागतं, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा दाखल करावा लागतो. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143 लागतं. वरच्या उदाहरणातला शेतकरी नुसती पत्राची प्रत जपून वाट बघत बसला, तर त्याची सहा महिन्यांची मुदत निघून जाईल. म्हणून तहसीलला जाऊन रीतसर दावा वेगळा दाखल करायचा.

‘परस्पर कळवावे’ या शब्दावर लोक हमखास अडखळतात. बोलण्यात ‘परस्पर’ म्हटलं की कुणाला न विचारता, पाठीमागून केलेलं काम डोळ्यापुढे येतं. इथे त्याचा अर्थ ‘डायरेक्ट’. तहसीलदारांनी उत्तर थेट अर्जदाराला द्यायचं आहे. थोडक्यात, आता जिल्ह्याला चकरा मारून उपयोग नाही, उत्तर तालुक्याला मिळणार.

शेवटचा शब्द ‘माहितीसाठी’, म्हणजे ‘फॉर इन्फर्मेशन’. ज्याच्या नावापुढे हा शब्द आहे त्याने काहीच करायचं नसतं. वरिष्ठ कार्यालयाला दिलेल्या प्रतीवर ‘माहितीस्तव सविनय सादर’ असं असतं. अशी प्रत मंत्रालयात गेली, तरी तिथे आपलं प्रकरण सुरू झालं असं समजू नये.

कार्यवाही आणि कारवाई

इंग्रजीत दोन्हीला ‘अ‍ॅक्शन’च म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. मराठीत कार्यवाही म्हणजे अर्जावर करायचं काम आणि कारवाई म्हणजे कुणाविरुद्ध उचललेलं पाऊल, दंड किंवा शिक्षा. इंग्रजी पत्रातल्या ‘टेक नेसेसरी अ‍ॅक्शन’चं भाषांतर ग्रामपंचायतीने ‘आवश्यक कारवाई करावी’ असं केलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की कुणावर तरी गुन्हा दाखल करायचाय. तिथे ‘आवश्यक कार्यवाही करावी’ असंच हवं.

‘निकाली’ म्हणजे मंजूर नव्हे

ऑनलाइन तक्रारीवर ‘निकाली’ किंवा ‘डिस्पोज्ड’ दिसलं म्हणजे त्या कार्यालयाने आपल्याकडून प्रकरण संपवलं. मागणी मान्य झाली, फेटाळली की नुसती दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवली, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. त्यासाठी सोबतचं उत्तर उघडून वाचावं लागतं.

‘दप्तरी दाखल’ म्हणजे ‘फाइल्ड’. कागद फायलीला लावला, पुढे काही करायचं नाही. ‘यथावकाश’ म्हणजे ‘इन ड्यू कोर्स’, म्हणजेच तारीख दिलेली नाही. ‘अग्रेषित’ म्हणजे ‘फॉरवर्डेड’, अर्ज पुढे पाठवला. ‘शिफारस’ म्हणजे ‘रेकमेंडेड’, अर्ज मान्य करावा असं मत दिलं. ही दोन्ही पत्रं दिसायला सारखीच असतात. पत्रात ‘शिफारस’ हा शब्द नसेल, तर शिफारस झालेली नाही असंच धरा.

पत्र हातात आल्यावर काय करायचं

पत्राच्या वर जावक क्रमांक आणि तारीख असते. ती घेऊन तहसीलच्या आवक शाखेत जा आणि तिथला आवक क्रमांक व कोणत्या टेबलाकडे पत्र गेलं ते लिहून घ्या. मग स्मरणपत्र द्या. त्यात ‘माझं काम लवकर करा’ एवढंच न लिहिता त्याच पत्रातले शब्द वापरा: “जिल्हाधिकारी कार्यालयाचे पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये केलेल्या कार्यवाहीबाबत मला लेखी कळवावे.” दुसऱ्या प्रतीवर पोहोच, म्हणजे ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’, शिक्का आणि तारखेसह घ्या.

तरीही उत्तर नाही आलं, तर माहितीचा अधिकार अधिनियम 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला हे शुल्क नाही. ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ असा प्रश्न विचारला तर गोलमोल उत्तर येऊ शकतं. त्यापेक्षा कागद मागा: त्या पत्रावरील कार्यालयीन टिपणीची प्रत आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेल्या अहवालाची प्रत. माहिती 30 दिवसांत द्यावी लागते. अहवाल पाठवलाच नसेल, तर तेही त्याच उत्तरात लेखी मिळतं, आणि ते घेऊन पुन्हा जिल्ह्याला दाद मागता येते.