मागचे केस मोजा, मग पुढची रेषा आखा

डोंबिवलीतला २७ वर्षांचा एक तरुण डोळ्यांसमोर आणा. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, भोवऱ्यावर केस विरळ झालेत आणि वडिलांच्या डोक्यावर कानांच्या वरची झालर तेवढी उरली आहे. मे महिन्यात त्याचं लग्न आहे, आणि फेब्रुवारीत ठाण्याला जाऊन हेअर ट्रान्सप्लांट उरकावं असा त्याचा विचार आहे. त्याने आधी काय मोजायला हवं, ते पाहू.

शिल्लक किती?

ट्रान्सप्लांटमध्ये नवा केस तयार होत नाही. डोक्याच्या मागचे, सहसा न गळणारे केस मुळासकट काढून पुढे लावले जातात. हे केस एक ते चारच्या पुंजक्यांत येतात. अशा एका पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात. मागचा सुरक्षित पट्टा साधारण २०० चौरस सेंटीमीटरचा असतो. करंगळीच्या नखाएवढ्या म्हणजे एक चौरस सेंटीमीटर जागेत सुमारे ७५ पुंजके धरले, तर एकूण १५ हजार होतात. त्यातले ढोबळमानाने एक तृतीयांशच काढता येतात. त्याहून जास्त काढले तर मागचं डोकं कसर लागल्यासारखं दिसतं. म्हणजे आयुष्यभराची शिल्लक झाली सुमारे पाच हजार ग्राफ्ट, आणि काढलेली जागा पुन्हा भरत नाही.

तरुणाचा हिशेब

त्याचं टक्कल वडिलांच्या वळणावर गेलं, तर २०० चौरस सेंटीमीटर जागा मोकळी होईल. दाट दिसायला प्रत्येक चौरस सेंटीमीटरला ३५ ते ४० ग्राफ्ट लागतात, म्हणजे किमान सात हजार. शिल्लक मात्र पाच हजारच. सगळं डोकं भरणार नाही, हे इथेच ठरलं.

त्याला कॉलेजच्या फोटोतली खालची केशरेषा हवी आहे. पंधरा सेंटीमीटर लांबीची रेषा एक सेंटीमीटर खाली आणली, की पंधरा चौरस सेंटीमीटर वाढतात आणि सहाशे ग्राफ्ट जातात. चाळिशीत मधला भाग उघडा पडेल तेव्हा हेच सहाशे हवे असतील. म्हणून रेषा थोडी वर, कोपरे किंचित मागे ठेवून, पुढच्या भागाला दोन हजार ग्राफ्ट द्यावेत आणि भोवरा आत्ता सोडावा, असं माझं मत आहे. भोवरा भरपूर ग्राफ्ट खातो आणि पुढून दिसतही नाही. त्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडून गळती थांबवणारं औषध सुरू करून काही महिने वाट पाहावी. मूळचे केस गळतच राहिले, तर लावलेली रेषा पुढे एकटीच उरते आणि मागे टक्कल.

खर्च

दर ग्राफ्टप्रमाणे असतो किंवा ठोक. ग्राफ्टला ३५ रुपये धरले तर दोन हजारांचे ७० हजार झाले. ‘पाच हजार केस’ असं सांगितलं, तर त्यात ग्राफ्ट किती, हे लिहून घ्या; केसांचा आकडा नेहमी मोठा दिसतो. वैद्यकीय सेवेला असलेली जीएसटीची सूट ट्रान्सप्लांटला नाही, म्हणून कर धरून किती, तेही विचारा. औषधांचा खर्च वेगळा, आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

हात कोणाचा?

मार्च २०१९ मध्ये साकीनाक्याच्या ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत सुमारे साडेनऊ हजार ग्राफ्ट लावल्याचं तेव्हा वृत्तपत्रांत आलं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, की शल्यक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच हे काम करावं. कार्यशाळा किंवा व्हिडिओ पाहून ते शिकता येत नाही. भूल कोण देणार, मुळं कोण काढणार, डॉक्टर पूर्ण वेळ थांबणार का, हे तोंडावर विचारा. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतं.

केस कधी दिसतात?

पहिले दहा दिवस ग्राफ्ट कच्चे असतात. कल्याण-डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये कुणाचं कोपर डोक्याला लागलं, तरी ते हलू शकतात; तेवढी रजा काढाच. हेल्मेट कधी घालायचं, तेही डॉक्टरांना विचारा. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळतात, कधी आजूबाजूचेही. घाबरू नका, मूळ आत शाबूत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक केस फुटतात, सहाव्या महिन्यात फरक कळतो, पूर्ण निकालाला वर्ष लागतं आणि भोवऱ्याला दीड वर्षही. मात्र लालसरपणा वाढला, पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया केली तर मे महिन्यात मांडवात उभं राहताना त्या तरुणाचे केस आजच्यापेक्षाही विरळ दिसू शकतील. त्याने लग्न उरकून घ्यावं, औषध सुरू ठेवावं आणि रेषा आखायला पुढच्या वर्षी जावं.