पोपट कुत्र्यासारखा असतो का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी एक इंग्रजी नोटीस लागली. ‘ओनर्स ऑफ पेट्स लाइक डॉग्ज मस्ट रजिस्टर देम बाय संडे.’ कुत्रेवाली तीन घरं मुकाट्यानं नोंदणी करून आली. मांजरवाल्यांच्या घरात त्यावरून वाद झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा पोपट सगळ्या बिल्डिंगला नावानं हाका मारतो. त्यांनी सेक्रेटरींना जिन्यातच गाठलं.

“अहो, आमचा मिठू कुत्र्यासारखा आहे का?”

“काकू, कुत्रा उदाहरण म्हणून लिहिलाय. पोपटही आलाच त्यात.”

“मग तसं लिहायचं की!”

काकूंचं बरोबर होतं. भांडण मिठूचं नव्हतं, ‘लाइक’चं होतं. या शब्दाचं ‘ॲज’शी फार जुनं वैर आहे आणि ‘सच ॲज’शी जरा नवं. आधी जुनं वैर पाहू, कारण ते मराठी माणसाला समजायला सोपं आहे.

आपण ‘आईसारखी’ म्हणतो आणि ‘आई करते तशी’ही म्हणतो. पहिल्यात नुसतं नाम आहे, त्याला ‘सारखी’ चिकटलंय. दुसऱ्यात ‘करते’ हे क्रियापद आलं आणि त्याबरोबर ‘तशी’ लागलं. ‘आई करतेसारखी’ असं कोणी म्हणत नाही. प्रमाण लेखी इंग्रजीत हीच वाटणी आहे. पुढे नाम किंवा सर्वनाम असेल तर ‘लाइक’: ‘शी कुक्स लाइक हर मदर.’ पुढे कर्ता-क्रियापदासह आख्खं वाक्य असेल तर ‘ॲज’: ‘शी कुक्स ॲज हर मदर डिड.’ म्हणजे मनातल्या मनात मराठी करून पाहावं. ‘सारखं’ आलं तर ‘लाइक’, ‘जसं-तसं’ आलं तर ‘ॲज’. आमच्याकडे ऐकू येणारं ‘ही सिंग्ज ॲज लाइक हिज फादर’ हे मात्र दोन्ही शब्दांना एकाच खुर्चीवर बसवणं आहे. तिथे ‘लाइक’ पुरतं. ‘सेम लाइक’चंही तेच, फक्त तिथे हवं असतं ‘सेम ॲज’.

हा नियम घोकलेले लोक कधी कधी दुसऱ्या टोकाला जातात. ‘लाइक’ अडाणी वाटतो म्हणून सगळीकडे ‘ॲज’ पेरतात, आणि अर्थच उलटतो. ‘ही वर्क्ड ॲज अ डॉक्टर’ म्हणजे तो डॉक्टर म्हणून काम करत होता, त्याच्याकडे पदवी होती. ‘ही वर्क्ड लाइक अ डॉक्टर’ म्हणजे काम डॉक्टरसारखं, पण तो कदाचित कंपाउंडर असेल. मराठीत हा फरक ‘म्हणून’ आणि ‘सारखा’ यांत नेमका दिसतो. कंपाउंडरच्या शिफारसपत्रात ‘ॲज’ पडला, तर एका शब्दानं त्याला डॉक्टर करून टाकला.

बोलताना मात्र इंग्रज आणि अमेरिकन दोघंही क्रियापदापुढे सर्रास ‘लाइक’ वापरतात, आणि आजचे नव्हे, काही शतकांपासून. हे जाहीर भांडण झालं ते सिगारेटवरून. 1954 मध्ये अमेरिकेत विन्स्टन नावाची सिगारेट बाजारात आली. तिच्या घोषवाक्याचा आशय असा होता की हिची चव सिगारेटची असावी तशीच आहे. त्यात ‘ॲज’च्या जागी ‘लाइक’ होता. व्याकरणवाल्यांनी डोक्याला हात लावले. 1961 मध्ये वेब्स्टरचा तिसरा मोठा कोश निघाला आणि असे वापर त्यानं फारशी कानउघाडणी न करता नोंदवले, तेव्हा तर वर्तमानपत्रांतून कोशावरच टीकेची झोड उठली. कंपनीनं पुढे या वादाचीच जाहिरात केली: तुम्हाला चांगलं व्याकरण हवं की चांगली चव? माझं मत विचाराल तर बोलताना ‘लाइक आय सेड’ खुशाल म्हणावं, पण अर्जात आणि प्रबंधात ‘ॲज आय सेड’च लिहावं. तिथे वाचणारा चव पाहत नाही.

आता मिठूकडे. नोटिशीतल्या ‘लाइक’पुढे नाम आहे, त्यामुळे व्याकरण ठीक आहे. घोळ अर्थाचा आहे, कारण ‘लाइक’ दोन कामं करतो. एक, साम्य दाखवणं: कुत्र्याशी मिळताजुळता. दोन, उदाहरण देणं: त्यांतला एक कुत्रा. साम्याच्या अर्थानं पाहिलं तर ज्याच्याशी तुलना केली, तो स्वतः त्या यादीत असतोच असं नाही. मराठीतला ‘सारखा’ही असाच दुहेरी आहे. ‘पुण्यासारख्या शहरांत घरं महागलीत’ म्हटलं की पुणं त्यात धरलेलं असतं. पण बदलीवर निघालेला माणूस ‘मला पुण्यासारखं गाव मिळू दे’ म्हणतो, तेव्हा त्याला पुणं मिळणार नाही हे ठरलेलंच असतं. गप्पांत आपण संदर्भावरून निभावून नेतो. नोटीस, करार, पॉलिसी यांत संदर्भ सांगायला लेखक समोर नसतो.

म्हणून अशा जागी ‘सच ॲज’ बरा. तो फक्त उदाहरणं देतो, आणि दिलेली उदाहरणं गटात नक्की धरलेली असतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘लाइक’च्या जागी ‘सिमिलर टू’ घालून वाचा. अर्थ बिघडला तर तुम्हाला उदाहरण द्यायचं होतं, तिथे ‘सच ॲज’ घाला. उलट साम्यच सांगायचं असेल तर ‘लाइक’ हलवू नये. ‘आय नीड अ फ्रेंड लाइक यू’मध्ये ‘सच ॲज’ घातला तर मैत्रीचं टेंडर काढल्यासारखं होईल. उदाहरणांसाठी ‘लाइक’ वापरणारे चांगले लेखकही पुष्कळ आहेत, आणि गैरसमजाला वाव नसेल तिथे मी तो खोडत नाही.

पण नुसता शब्द बदलून नोटीस सुधारत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. सेक्रेटरींनी ‘पेट्स सच ॲज डॉग्ज’ असं लिहून आणलं होतं. स्वल्पविराम नव्हते. स्वल्पविराम नसले की ‘सच ॲज डॉग्ज’ हे शब्द ‘पेट्स’ला बांधून घेतात आणि ‘कुत्र्यांच्या जातीचे पाळीव प्राणी’ असा अर्थ निघू शकतो. मिठू पुन्हा बाहेर! दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम दिले की मधला तुकडा काढूनही नियम पूर्ण राहतो, म्हणजे तो सगळ्याच पाळीव प्राण्यांना लागू होतो. शेवटी ‘एट्सेट्रा’ही होता. ‘सच ॲज’नं यादी अपुरी आहे हे आधीच सांगितलेलं असतं, म्हणून तोही काढला.

नवी नोटीस अशी लागली: ‘ओनर्स ऑफ ऑल पेट्स, सच ॲज डॉग्ज, कॅट्स अँड पॅरट्स, मस्ट रजिस्टर देम बाय संडे.’ काकू दुसऱ्याच दिवशी पिंजरा घेऊन ऑफिसात हजर झाल्या. त्यांच्यामागे पहिल्या मजल्यावरचे आजोबा उभे होते. त्यांच्याकडे फिशटँक आहे, आणि प्रत्येक माशाचा वेगळा फॉर्म भरायचा का, हे त्यांना विचारायचं होतं.