छापील चौकटीला चाल देताना

‘वॉचमेन’ या अमेरिकन चित्रकथेचा मोशन कॉमिक २००८ पासून १२ भागांत आला. डेव्ह गिबन्स यांची मूळ चित्रेच त्यात हलती केली आहेत. संवादांचे फुगेही पडद्यावर दिसतात आणि स्त्री-पुरुष सगळ्या पात्रांना टॉम स्टेकशुल्ट या एकाच नटाचा आवाज आहे.

असे काम सुरू होते ते कापाकापीने. पात्र, टेबल, खिडकी वेगवेगळ्या थरांवर घेतात. पात्र उचलले की मागे भोक पडते. तिथली भिंत नव्याने रंगवावी लागते. मग कॅमेरा सरकताना पुढचा थर जलद, मागचा सावकाश नेला की चित्राला खोली येते. हात हलवायचा तर तो खांद्यापासून सुटा करून सांध्यावर फिरवतात. मात्र समोर पाहणारा चेहरा बाजूला वळवता येत नाही. त्यासाठी नवे चित्रच काढावे लागते.

झूमलाही मर्यादा आहे. दोन इंच रुंद चौकट ३०० डीपीआयने स्कॅन केली, तर ६०० पिक्सेल मिळतात. पडद्याला १९२० लागतात. स्कॅन वाढवला तर छपाईचे ठिपके उठून दिसतात. म्हणून जवळ जायचे असेल, तिथे मूळ रेखाटन मिळवणे बरे.