वीस टक्के कपातीची भरपाई पंचवीस टक्क्यांनी

पगारात २० टक्के कपात झाली, तर पगार पुन्हा पूर्वीइतका होण्यासाठी २५ टक्के वाढ लागते. पगार ५०,००० रुपये असेल, तर कपातीने त्यातले १०,००० जातात आणि ४०,००० उरतात. गेलेले तेच १०,००० परत मिळवायचे असतात, पण आता टक्केवारी ४०,००० वर मोजली जाते. जुन्या पगाराचा पाचवा हिस्सा हा कमी झालेल्या पगाराचा चौथा हिस्सा असतो. पगार ५०,००० असो वा पाच लाख, हे प्रमाण बदलत नाही.

त्यामुळे ‘वीस कापले होते, वीस वाढवले’ हे ऐकायला बरोबरीचे वाटले तरी कर्मचाऱ्याच्या हाती ४८,००० च येतात. २,००० रुपयांची ही तूट दर महिन्याला राहते. वाढ १०-१० टक्क्यांच्या दोन हप्त्यांत दिली, तर पगार आधी ४४,००० आणि मग ४८,४०० होतो. तरीही १,६०० कमीच पडतात.

कपात जितकी खोल, तितकी ही दरी रुंदावते. १० टक्के कपातीला सुमारे ११.१ टक्के वाढ पुरते, तर ५० टक्के कपातीला पगार दुप्पट व्हावा लागतो. कोरोनाकाळात, एप्रिल २०२० पासून वर्षभरासाठी खासदारांचे वेतन ३० टक्क्यांनी कमी करण्यात आले. महिना एक लाखाचे वेतन त्यामुळे ७०,००० वर आले. तेथून पुन्हा एक लाख म्हणजे जवळजवळ ४३ टक्के वाढ. मात्र अशा मुदतीच्या कपातीत वाढ मागावी लागत नाही. मुदत संपली की जुना आकडा लागू होतो. म्हणूनच कपातीच्या पत्रात ‘पूर्ववत’ हा शब्द आणि तारीख आहे का, हे आधी पाहायला हवे.

तशी हमी नसेल आणि नेहमीच्या वार्षिक वाढीवरच भिस्त असेल, तर वाट लांबते. दर वर्षी ८ टक्के वाढ धरली, तर ४०,००० चे पहिल्या वर्षी ४३,२००, दुसऱ्या वर्षी ४६,६५६ आणि तिसऱ्या वर्षी ५०,३८८ होतात. म्हणजे जुना पगार तिसऱ्या वाढीनंतर गाठला जातो. कपात झालीच नसती आणि हीच वाढ मिळत गेली असती, तर तोपर्यंत पगार ६३,००० च्या घरात गेला असता. खरे नुकसान या फरकात आहे, आणि मधल्या महिन्यांचे कापलेले पैसे त्याहून वेगळे. २५ टक्के वाढीने पगार जागेवर येतो. ते पैसे थकबाकी म्हणून स्वतंत्रपणे दिले गेले तरच मिळतात.

कपात नेमकी कशावर झाली, हेही पगारपत्रकात तपासावे लागते. ५०,००० पैकी मूळ वेतन २५,००० असेल आणि फक्त त्यातच २० टक्के कापले, तर ५,००० जातात. बाकी भत्ते कायम राहिले, तर एकूण पगारात ही कपात १० टक्केच ठरते आणि मूळ वेतनात २५ टक्के वाढ झाली की भरून निघते. पण घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या टक्केवारीने ठरत असेल, तर तोही खाली येतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजली जाते. त्यामुळे मूळ वेतन कापलेले असतानाच नोकरी सोडणाऱ्याचे नुकसान पगारापुरते राहत नाही.