लंबकाची लहानशी चूक

लंबकाच्या आवर्तकालाचे पाठ्यपुस्तकी सूत्र, T = 2π√(L/g), साइनच्या जागी रेडियनमधला कोनच धरून मिळते. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, त्याचा साइन ०.१७३६, तर टॅन्जंट ०.१७६३. साइन धरलेल्या कोनापेक्षा अर्धा टक्का कमी, टॅन्जंट एक टक्का जास्त. टॅन्जंट नेहमीच आधी बिघडतो.

आवर्तकालातली चूक मात्र याहून लहान असते: साधारण θ²/१६. बाजूला १० अंश झुलणाऱ्या लंबकात ती ०.१९ टक्के भरते. प्रयोगवहीत ती खपते. घड्याळात नाही, कारण दिवसाला सुमारे पावणेतीन मिनिटे मागे पडतात. ३० अंशांना चूक १.७ टक्के होते. म्हणून घड्याळाचा झोका लहान आणि स्थिर ठेवावा. तो २ अंशांवरून ३ वर गेला, तरी घड्याळ दिवसाला ८ सेकंद मागे पडते.