रात्री दोनचं काम, साठ वेळा

लिनक्स सर्व्हरवर रोज रात्री दोन वाजता डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा आहे. त्यासाठी कुणीतरी ही एक ओळ लिहितो:

```
* 2 * * * /opt/jobs/backup.sh
```

ओळीत दोनचा आकडा आहे आणि तो तासाच्या जागी बरोबर बसलेला आहे. बाकीच्या जागी स्टार आहेत, म्हणजे तिथे काही अट नाही, असं वाचणारा धरून चालतो. प्रत्यक्षात ही ओळ रात्री दोनपासून दोन एकोणसाठपर्यंत दर मिनिटाला तेच काम नव्याने सुरू करते. एका रात्रीत साठ वेळा.

असं का होतं, हे कळायला क्रॉन काम कसं करतो ते पाहावं लागतं. ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारा हा प्रोग्रॅम १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही होता. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये तो नव्याने लिहिला आणि आज अनेक लिनक्स सर्व्हरवर त्याच घराण्यातला क्रॉन चालतो. त्याच्या ओळीत सुरुवातीला पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि आठवड्याचा वार.

क्रॉन दर मिनिटाला जागा होतो, घड्याळ पाहतो आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो: हे मिनिट या पाच रकान्यांत बसतं का? बसत असेल तर काम सुरू करतो. स्टार म्हणजे त्या रकान्यातली कुठलीही किंमत चालेल. दोन वाजून सतरा मिनिटं झाली, तर तासाच्या रकान्यात दोन जुळतो, मिनिटाच्या रकान्यात स्टार असल्याने सतराही जुळतो. काम सुरू! ‘आज हे एकदा झालं आहे, आता पुरे’ अशी नोंद क्रॉन ठेवतच नाही. त्याच्या दृष्टीने ती ओळ म्हणजे दिवसातून १४४० वेळा तपासली जाणारी अट आहे. चूक होते ती इथे. लिहिणारा मनात ‘दोन वाजता’ म्हणतो आणि ओळीत ‘दोनच्या तासात कधीही’ असं लिहून जातो. तासही न घालता पाचही रकान्यांत स्टार ठेवले, तर काम दिवसरात्र दर मिनिटाला चालत राहतं.

समजा, हा बॅकअप पूर्ण व्हायला वीस मिनिटं लागतात. पहिली प्रत दोनला सुरू होते, दुसरी दोन एकला, तिसरी दोन दोनला. आधीची संपली आहे की नाही, हे क्रॉन पाहत नाही. पहिली संपायच्या आतच वीस प्रती एकाच डिस्कवर तुटून पडलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येकीचा वेग मंदावतो आणि पहिलीही वीस मिनिटांत संपत नाही. नव्या प्रती येतच राहतात. तीन वाजता त्या यायच्या थांबतात, पण आधीच्या सकाळपर्यंत रेंगाळू शकतात. सकाळी ऑफिस उघडतं तेव्हा तक्रार येते ती ‘सिस्टीम हळू चालते आहे’ एवढीच. बॅकअपचा संशय कुणाला येत नाही.

त्याहून मोठं नुकसान फाइलमध्ये दडलेलं असतं. बॅकअपच्या फाइलच्या नावात सहसा फक्त तारीख असते. म्हणजे साठही प्रती एकाच नावाच्या फाइलमध्ये लिहायला लागतात. प्रत्येक नवी प्रत आल्या आल्या फाइल रिकामी करते आणि जुन्या प्रती त्याच वेळी आपापल्या जागेपासून पुढे लिहीत राहतात. मधल्या वेळात डेटात थोडा जरी बदल झाला असेल, तरी तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत. फाइल दिसते, तिचा आकारही ठीक वाटतो, पण ती उघडत नाही. ती दाबून साठवलेली असेल, तर `gzip -t` ही तपासणी काही क्षणांत दोष दाखवते. ती कुणी करत नसेल, तर दोष उघड होतो तो थेट बॅकअपची गरज पडते त्या दिवशी.

काम छोटं असेल तर हा घोळ महिनोन् महिने लपून राहतो. जुन्या तात्पुरत्या फाइल पुसणारं काम पाच सेकंदांत होतं, ते साठदा चाललं तरी निकाल तोच. पण त्याच ओळीवर ४०० ग्राहकांना हप्त्याची आठवण देणारा एसएमएस लावला, तर एका रात्रीत २४,००० संदेश जातात आणि प्रत्येकाच्या फोनवर साठदा घंटी वाजते.

खात्री करायची तर सर्व्हरची नोंदवही उघडावी. उबुंटूवर क्रॉनच्या नोंदी सहसा अशा सापडतात:

```
grep CRON /var/log/syslog
```

रोज रात्री एक नोंद असायला हवी. तिथे 02:00, 02:01, 02:02 अशी रांग दिसली, की निदान झालं. लगेच `crontab -e` ने ओळ उघडून तिच्यापुढे # लावावा. पण त्याने फक्त नव्या प्रती थांबतात. आधीच सुरू झालेल्या `pgrep -af backup.sh` ने शोधून वेगळ्या बंद कराव्या लागतात. हे विसरलं, तर दुरुस्तीनंतरही सर्व्हर तासभर धापा टाकत राहतो.

दुरुस्ती एका शून्याची आहे. मिनिटाच्या जागी स्टारऐवजी 0 घातला, की दिवसातलं एकच मिनिट जुळतं. सोबत `flock` ची कडी लावणं शहाणपणाचं:

```
0 2 * * * flock -n /tmp/backup.lock /opt/jobs/backup.sh
```

आधीची प्रत चालू असेल तर दुसरी दारातूनच परत जाते. मात्र या कडीने गर्दी टळते, पुनरावृत्ती टळत नाही. पाच सेकंदांचं काम पुढचं मिनिट येण्याआधीच संपलेलं असतं, त्यामुळे कडी मोकळी सापडते आणि काम साठदा होतंच. म्हणून एसएमएससारख्या कामात ‘या ग्राहकाला आजचा संदेश गेला’ अशी नोंद डेटाबेसमध्ये करून ती पाठवण्याआधी तपासावी लागते. कुबरनेटिसच्या क्रॉनजॉबमध्येही, वेगळं काही सांगितलं नाही, तर एकावर एक प्रती सुरू व्हायला मुभाच असते.

ओळ सर्व्हरवर टाकण्याआधी ती crontab.guru सारख्या साधनात घालून पुढच्या वेळा पाहता येतात. त्यात पहिल्या वेळेवर विसंबू नये. चुकीची आणि बरोबर, दोन्ही ओळी पहिली वेळ रात्री दोनचीच दाखवतात. फरक कळतो दुसऱ्या वेळेत: ती दोन वाजून एक मिनिट आहे, की उद्या रात्रीचे दोन?

भारतातल्या कामासाठी आणखी एक हिशेब करावा लागतो. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर चालतात आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ असतात. म्हणून अशा सर्व्हरवर ओळ `30 20 * * *` अशी लिहावी लागते. तेच काम फक्त सोमवारी पहाटे दोनला हवं असेल, तर शेवटच्या रकान्यात सोमवारचा 1 चालत नाही. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा अजून रविवार असतो, म्हणून तिथे 0 लिहावा लागतो.